ताप की टॅप? पडद्यावरच्या मराठीची लिपी

प्राथमिक आरोग्य केंद्रात आशाताईंचे प्रशिक्षण आहे, असे समजा. विषय आहे लहान मुलांचे जुलाब. बोलणारे डॉक्टर दिवसभर मोबाइलवर ज्या पद्धतीने मराठी लिहितात, त्याच पद्धतीने त्यांनी रात्री घाईने स्लाइड तयार केली आहे. भिंतीवर हे उमटते:

Balala tap ani julab aslyas
pratyek julabanantar ORS paja.
Hat pay gar padle, dole khol gele
tar lagech davakhanyat nya.

या चार ओळींत चूक अशी काही नाही. प्रत्येक शब्द मराठी आहे आणि सूचनाही बरोबर आहेत. तरीही त्या वाचताना डोळा अडखळतो. tap हा शब्द दिसला की ज्याने थोडे तरी इंग्रजी वाचले आहे त्याला आधी नळ आठवतो. hat दिसला की टोपी, pay दिसला की पैसे देणे, tar दिसला की डांबर. dole हाही इंग्रजीत स्वतंत्र शब्द आहे. चार ओळींत असे पाच सापळे आहेत, आणि त्यांतले ताप, हात, पाय आणि डोळे हे चारही शब्द धोक्याची लक्षणे सांगणारे आहेत. स्लाइडवर जे सर्वांत ठळक दिसायला हवे होते, तिथेच वाचक अडतो.

अर्थ शेवटी लागतो, पण वळसा घालून. आशाताई रोमन अक्षरे शिकल्या त्या इंग्रजीच्या तासाला. त्यामुळे रोमन अक्षरांचा गठ्ठा समोर आला की मन आधी त्यात इंग्रजी शब्द शोधते. तो सापडला नाही, किंवा सापडूनही वाक्यात बसला नाही, की मग अक्षरे एकेक करून मनातल्या मनात उच्चारायची, त्या उच्चाराशी जुळणारा मराठी शब्द आठवायचा आणि पुढे जायचे. देवनागरीत ‘ताप’ वाचताना हे काही करावे लागत नाही. पहिलीपासून पाहिलेला तो शब्द पाहताक्षणी ओळखू येतो. तिकडे डॉक्टर बोलत असतात, इकडे बाई वाचत असतात, आणि रोमन उलगडण्यात गेलेला वेळ ऐकण्यातून वजा होतो.

दुसरी अडचण मराठीच्या ध्वनींची. नेहमीच्या रोमन टायपिंगमध्ये त आणि ट, द आणि ड, न आणि ण, ल आणि ळ हे सगळे एकाच अक्षरात कोंबले जातात. अ आणि आ यांतला फरकही बहुतेक जण दाखवत नाहीत. म्हणून kadhi म्हणजे कधी किंवा कढी, gavat म्हणजे गवत, गावात किंवा गावांत, आणि mala म्हणजे मला, मळा, माळा किंवा माला. दर्या आणि दऱ्या यांतला फरक देवनागरीत र कसा जोडला आहे एवढ्यावरून कळतो. रोमनमध्ये दोन्ही darya.

व्हॉट्सअॅपवर यातले काहीच अडत नाही, हे खरे आहे. तिथे समोरचा माणूस ओळखीचा असतो, आधीचे चार संदेश वर दिसत असतात, वाक्ये बोलल्यासारखी पूर्ण असतात आणि न कळले तर विचारता येते. स्लाइडची भाषा याच्या अगदी उलट असते. तिथे क्रियापदे गाळलेली असतात, शीर्षक एका-दोन शब्दांचे असते आणि संदर्भ द्यायला जागाच नसते. Vadi एवढेच शीर्षक असेल तर ती वस्तीची वाडी, कोथिंबिरीची वडी की खटल्यातला वादी, हे खालचा मजकूर वाचल्याशिवाय ठरवता येत नाही. मजकूर जितका तोकडा, तितकी लिपीने जास्त माहिती द्यायला हवी.

‘पण आजची पिढी मराठी रोमनमध्येच लिहिते,’ असे मला हमखास ऐकवले जाते. सबटायटलची कामे देणारी मंडळी तर ते गृहीतच धरतात. पण लिहिण्याची सवय आणि वाचण्याची सवय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रोमनमध्ये टाइप करण्याची सवय लागली ती जुन्या मोबाइलवर देवनागरी कळा नव्हत्या म्हणून. आज जीबोर्डसारख्या कळफलकावर mala टाइप केले तरी ‘मला’ समोर येते. वाचनाचे म्हणाल, तर तीच तरुण मंडळी दुकानांच्या पाट्या, एसटीवरची गावांची नावे, वर्तमानपत्रातले मथळे देवनागरीतच वाचत असतात. महाराष्ट्रात २०२० साली कायदा करून सर्व माध्यमांच्या शाळांमध्ये मराठी विषय टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला, आणि इंग्रजी शाळेतल्या मुलांना हिंदीमुळेही देवनागरीची ओळख असते. म्हणून महाराष्ट्रातल्या श्रोत्यांसाठी मी देवनागरीच धरून चालते. रोमन हवे असेल तर ते का हवे, हे मागणाऱ्याने सांगावे.

कॅप्शनच्या बाबतीत हा प्रश्न आणखी काटेकोर होतो, कारण तिथे वेळ मोजलेला असतो. साधारणपणे एका वेळी पडद्यावर दोनच ओळी ठेवतात आणि त्या सात सेकंदांहून जास्त रेंगाळू देत नाहीत. स्लाइड निदान बोलणारा पुढे सरकवेपर्यंत समोर राहते. कॅप्शन हुकले की हुकले. शिवाय प्रेक्षकाला त्याच वेळी चित्रही पाहायचे असते. मी स्वतः मराठीला एका सेकंदात दोन-अडीच शब्द असा हिशेब धरते, कारण आपले शब्द प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये पोटात घेऊन लांब होतात. हा हिशेब देवनागरीचा आहे. रोमन मराठीला तो पुरत नाही. तेवढ्याच वेळात शब्द कमी करावे लागतात.

इथे एक तांत्रिक गैरसमज लोकांना रोमनकडे ढकलतो. ‘विद्यार्थ्यांना’ हा शब्द घ्या. डोळ्याला त्यात चार अक्षरे दिसतात: वि, द्या, र्थ्यां, ना. संगणक मात्र व्यंजन, काना, वेलांटी, हलन्त आणि अनुस्वार ही प्रत्येक खूण वेगळी मोजतो आणि पंधरा असे सांगतो. रोमनमध्ये vidyarthyanna लिहिले की तेरा भरतात. सबटायटलच्या सॉफ्टवेअरमध्ये ओळीची मर्यादा बऱ्याचदा इंग्रजी हिशेबाने ४२ खुणांची ठेवलेली असते. मग देवनागरी ओळ लाल होते, ‘मजकूर लांब झाला’ असा इशारा येतो, आणि काम करणारा म्हणतो की रोमनमध्ये मजकूर मावतो. प्रत्यक्षात पडद्यावर पाहिले तर देवनागरी शब्द बहुधा कमी रुंदीत बसलेला असतो, कारण जोडाक्षरे आणि मात्रा एकमेकांच्या अंगावर चढतात. म्हणून मराठीची ओळ आकड्याने तपासू नये. ती पडद्यावर किती जागा घेते आणि दिलेल्या वेळात वाचून होते का, ते पाहावे.

देवनागरी खरोखर कुठे फसते, तेही सांगायला हवे. बरेच लोक तत्त्व म्हणून रोमनकडे वळत नाहीत. एकदा ऐन कार्यक्रमात देवनागरी फुटलेली पाहिली म्हणून वळतात. हे फुटणे तीन-चार ओळखीच्या प्रकारांचे असते. ‘किल्ली’मधली पहिली वेलांटी क च्या पुढे जाऊन बसली, किंवा जोडाक्षरे सुटून हलन्ताचे पाय दिसू लागले, तर ते सॉफ्टवेअर देवनागरीची जुळणी करत नाही असे समजावे. अडोबीच्या व्हिडिओ संपादनाच्या प्रोग्राममध्ये त्यासाठी सेटिंगमध्ये South Asian and Middle Eastern हा पर्याय निवडावा लागतो. तो निवडला की अक्षरे जागेवर येतात. मजकुराच्या जागी रिकामे चौकोन आले तर त्या संगणकावर किंवा त्या फॉन्टमध्ये देवनागरी नाही. ‘म’च्या जागी à¤® असा कचरा दिसला तर मजकूर शाबूत आहे, फक्त फाइल चुकीच्या पद्धतीने उघडली किंवा साठवली गेली आहे, ती UTF-8 म्हणून साठवली की काम होते. आणि अख्खी स्लाइडच निरर्थक रोमन अक्षरांनी भरलेली दिसली, तर मजकूर युनिकोडमध्ये नसून जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला आहे. तो फॉन्ट दुसऱ्या संगणकावर नसला की आतली रोमन अक्षरे उघडी पडतात. असा मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेण्यावाचून गत्यंतर नाही.

हे सगळे कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी पाच मिनिटांत कळू शकते. ज्या यंत्रावर स्लाइड दाखवायची आहे, त्याच्यावर ‘दुसऱ्या विद्यार्थ्याची किल्ली’ एवढे तीन शब्द लिहून पाहा. यात ऱ्य आहे, रफाराचे जोडाक्षर आहे आणि ऱ्हस्व वेलांटी दोनदा आहे. ही ओळ नीट दिसली तर बाकीची मराठी सहसा दगा देत नाही. पॉवरपॉइंटमध्ये फाइल साठवताना Embed fonts in the file ही खूण केली तर फॉन्ट फाइलबरोबर जातो, मात्र त्या फॉन्टला तशी परवानगी असावी लागते.

फुटली नाही तरी देवनागरी नीट मांडावी लागते. रोमनसाठी बेतलेल्या साच्यात ती तशीच ओतली की वाचायला त्रास होतो, आणि दोष लिपीला दिला जातो. देवनागरीत शिरोरेषेच्या वर मात्रा आणि रफार असतात, खाली उकार असतात. म्हणून मधल्या अक्षराला जागा कमी उरते आणि तेवढ्याच पॉइंटात ते रोमनपेक्षा बारीक दिसते. रोमन २८ पॉइंटमध्ये ठेवणार असाल तर देवनागरी ३२ ते ३४ ठेवा, आणि दोन ओळींमधले अंतर सव्वा ते दीडपट करा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांवर आदळतात. अक्षरांमधले अंतर वाढवू नका. शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे दिसतात. फार जाड वजन वापरले तर ‘राष्ट्र’, ‘क्षण’ यांच्या आतल्या मोकळ्या जागा बुजतात. कॅप्शनला काळी किनार देण्याची पद्धत आहे, पण काही फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराच्या शिरोरेषेच्या सांध्यावर त्या किनारीचे बारीक काप दिसतात. तिथे किनार काढून मागे अर्धपारदर्शक काळी पट्टी देणे बरे. मुक्त किंवा नोटो सॅन्स देवनागरी हे मोफत मिळणारे फॉन्ट मध्यम वजनात पडद्यावर स्वच्छ दिसतात.

आता सुरुवातीची स्लाइड पुन्हा करू. ‘बाळाला ताप आणि जुलाब असल्यास’ हे शीर्षक. खाली ‘प्रत्येक जुलाबानंतर ORS पाजा.’ इथे ORS मुद्दाम रोमनमध्ये ठेवले आहे, कारण पाकिटावर ते तसेच छापलेले असते आणि ताईंना कपाटातून तेच पाकीट ओळखून काढायचे आहे. औषधाचे नाव, अॅपमधले बटण, संकेतस्थळाचा पत्ता, म्हणजे वाचकाला जे दुसरीकडे जसेच्या तसे शोधायचे किंवा टाइप करायचे आहे, ते त्याच लिपीत असावे. आकड्यांचाही विचार याच नियमाने करावा. इंग्रजी आकड्यांची सवय झालेल्याला देवनागरी १ चटकन 9 वाटू शकतो. एक पाकीट एका लिटर पाण्यात कालवायचे असते; तिथे नऊ वाचले गेले तर द्रावण निरुपयोगी होईल. म्हणून प्रमाण सांगताना मी ‘एक लिटर’ असे अक्षरांत लिहिते.

याच सूचनेचा व्हिडिओ केला, तर कॅप्शनची फाइल अशी दिसेल:

```
1
00:00:04,000 --> 00:00:07,500
हात-पाय गार पडले,
डोळे खोल गेले,

2
00:00:07,600 --> 00:00:09,600
तर बाळाला लगेच
दवाखान्यात न्या.
```

पहिल्या तुकड्याला साडेतीन सेकंद आहेत, दुसऱ्याला दोन. ‘हात-पाय गार पडले’ एका ओळीत ठेवले आहे, कारण ‘हात-पाय गार’ इथे ओळ तोडली असती तर क्रियापदासाठी डोळा पुन्हा खाली गेला असता. लक्षणे एका तुकड्यात आणि कृती दुसऱ्यात, हेही मुद्दाम.

मग रोमन कधीच नको का? हवे, आणि काही श्रोत्यांसाठी तेच योग्य आहे. परदेशातल्या मराठी घरांतली दुसरी-तिसरी पिढी आजीशी मराठी बोलते, पण तिला देवनागरी वाचता येत नाही किंवा एकेक अक्षर लावत वाचावे लागते. गणपतीत आरत्या म्हणताना या मुलांसमोर रोमन ओळी ठेवल्या की ती मोठ्यांच्या बरोबरीने गातात. गाण्यात रोमन सोसते, कारण उच्चार कानावर पडत असतो आणि अक्षरे फक्त आठवण करून देतात. तंजावरच्या मराठी घरांचेही तसेच आहे. तिथे पिढ्यान्‌पिढ्या घरात मराठी बोलतात, पण शाळा तमिळमध्ये किंवा इंग्रजीत झालेल्या अनेकांना देवनागरी परकी वाटते. गोव्यात रोमन लिपीतल्या कोकणीची परंपरा मोठी आहे, आणि त्या परंपरेत वाढलेल्या श्रोत्याला रोमन मराठी इतरांपेक्षा सोपी जाते. मराठीही तिथे रोमनमध्ये फार पूर्वी छापली गेली आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूरला छापले गेले ते रोमन लिपीत, कारण छापखान्याकडे देवनागरी खिळे नव्हते.

पण रोमन वापरायचे तर नियमाने वापरावे. व्हॉट्सअॅपवरचे रोमन प्रत्येकाचे वेगळे असते; एकाच स्लाइडवर aahe, ahe आणि aahey तिन्ही सापडतात. निदान आ साठी सगळीकडे aa लिहायचे, एवढे एक ठरवले तरी मोठा फरक पडतो. taap, haat, paay असे लिहिले की नळ, टोपी आणि पैसे लगेच नाहीसे होतात. गाणाऱ्यांसाठी ळ ला मोठा L आणि ण ला मोठा N ठेवता येतो, पण हे पहिल्याच स्लाइडवर सांगावे लागते. अक्षरांखाली टिंबे आणि वर आडव्या रेघा देणारी ISO 15919 ही पद्धत मराठीचे प्रत्येक अक्षर वेगळे दाखवते. ग्रंथालयांना आणि अभ्यासकांना ती उपयोगाची आहे. सामान्य प्रेक्षकाला त्या टिंबांचा अर्थ माहीत नसतो, म्हणून स्लाइडवर ती नको.

श्रोते मिश्र असले की दोन्ही लिप्या एकत्र देण्याचा मोह होतो. कॅप्शनमध्ये तो आवरावा. दोन ओळींच्या चार होतात, चित्राचा खालचा भाग झाकला जातो, आणि प्रत्येकाला आपली ओळ शोधावी लागते. त्याऐवजी कॅप्शनच्या दोन स्वतंत्र फाइली करा. देवनागरीची mr आणि रोमनची mr-Latn, या भाषेच्या रूढ खुणा आहेत. प्रेक्षक आपल्याला हवी ती निवडेल. अंध व्यक्तींसाठी मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर या खुणेवरून आवाज निवडू शकते. खूण नसलेली रोमन मराठी ते इंग्रजी समजून वाचते आणि ऐकणाऱ्याच्या पदरी काहीच पडत नाही. फक्त गाण्याच्या स्लाइडवर मी दोन लिप्या एकत्र ठेवते: वर देवनागरी, खाली जरा लहान रोमन, आणि एका स्लाइडवर गाण्याच्या दोनच ओळी.

तरीही निर्णय होत नसेल तर श्रोत्यांपैकीच चार-पाच जणांना बोलवा. स्लाइड सहा सेकंद दाखवा, झाका आणि विचारा: ‘बाळाला दवाखान्यात कधी न्यायचं?’ ‘कळलं का?’ असे विचारू नका. त्याला सगळे होच म्हणतात. दोन्ही लिप्यांतल्या स्लाइड वेगवेगळ्या माणसांना दाखवा, म्हणजे पहिली वाचून दुसरीचे उत्तर तयार होणार नाही. ज्या लिपीत लोक हात-पाय आणि डोळे दोन्ही सांगतात, ती त्या श्रोत्यांची लिपी.

आरोग्य, शेती, पाणीपुरवठा, बचतगट अशा कामांच्या स्लाइड बहुतेक वेळा वरून तयार होऊन येतात आणि कुणीतरी त्या गावात नुसत्या दाखवतो. तुम्ही ते दाखवणारे असाल आणि मजकूर रोमनमध्ये आला असेल, तर तो तसाच लावू नका. चार ओळी देवनागरीत टाइप करायला दहा मिनिटे लागतात. तेवढी काढा, आणि बदललेली फाइल ज्यांनी पाठवली त्यांनाही परत पाठवा.